तांबं कमी, नाव मात्र बी-१२ चं

जठराची शस्त्रक्रिया झालेल्या माणसाचं रक्त कमी झालं आणि पायांत मुंग्या येऊ लागल्या, की आपल्याकडच्या कुठल्याही डॉक्टरच्या मनात पहिलं नाव येतं ते बी-१२ चं. ते रास्तही आहे. बी-१२ आतड्यात शोषलं जायला जठरातून पाझरणारं एक प्रथिन लागतं. जठर कापलं किंवा अन्नाची वाट वळवली, की ते पुरेसं मिळत नाही. त्यात शाकाहारी घरांतून बी-१२ मुळातच कमी असतं. पुण्यातल्या केईएम रुग्णालयाच्या संशोधकांनी शहरी मध्यमवर्गात हे दाखवून दिलेलंच आहे. म्हणून इंजेक्शनं सुरू होतात आणि बहुतेकांना गुण येतो. प्रश्न उरतो तो गुण न येणाऱ्या थोड्या लोकांचा.

वैद्यकीय नोंदींत वारंवार दिसणाऱ्या तपशिलांवरून एक रुग्ण उभी करू. वय ५२. वजन कमी करण्यासाठी सहा वर्षांपूर्वी गॅस्ट्रिक बायपास झालेला. ठरल्याप्रमाणे दर महिन्याला बी-१२ चं इंजेक्शन चालू. शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांनी केस गळायला लागले, तेव्हा कुणीतरी झिंकची गोळी सुचवली. ५० मिलिग्रॅम झिंकची ती गोळी दिवसातून दोनदा सुरू झाली आणि पुढे कुणी बंद करायला सांगितली नाही म्हणून चालूच राहिली. केस थांबले की नाही, हे आता तिलाही आठवत नाही.

गेल्या वर्षभरात जिना चढताना धाप लागू लागली. मग पायाच्या तळव्यांना मुंग्या. चालताना खाली गादी अंथरल्यासारखं वाटायचं, चप्पल पायातून निसटली तरी कळायचं नाही. तोंड धुताना डोळे मिटले की तोल जाऊन बेसिनवर आपटायला होई. पाय कुठे आहेत ही खबर मेंदूपर्यंत पोचत नसेल, तर माणूस डोळ्यांच्या भरवशावर उभा असतो. डोळे मिटले की तो आधारही जातो. ही खबर नेणारे तंतू मज्जारज्जूच्या मागच्या भागातून जातात आणि बी-१२ कमी पडलं की नेमके तेच खराब होतात.

रक्ताचा रिपोर्ट आला. हिमोग्लोबिन ७.८. लाल पेशी नेहमीपेक्षा किंचित मोठ्या. पांढऱ्या पेशी २४००, आणि त्यांतले न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी पहिली झुंज देणाऱ्या पेशी, अवघ्या ६००. साधारणपणे त्या १५०० च्या वर असायला हव्यात. प्लेटलेट मात्र व्यवस्थित. मानेच्या एमआरआयमध्ये मज्जारज्जूच्या मागच्या भागात पांढुरका पट्टा. सगळं चित्र बी-१२ चं, आणि बी-१२ ची पातळी मात्र उत्तम. इंजेक्शन चालू असल्यावर ती उत्तम येणारच, असं म्हणून कुणी आणखी इंजेक्शनं देतो. तीन महिने जातात, हिमोग्लोबिन हलत नाही.

या टप्प्यावर बहुतेक वेळा अस्थिमज्जेची तपासणी होते आणि तिथे गोंधळ वाढतो. रक्तपेशींच्या पिल्लांत बुडबुड्यांसारख्या पोकळ्या दिसतात. काही लाल पेशींच्या पिल्लांत केंद्रकाभोवती लोहाच्या कणांचं कडं दिसतं. अशी कडी मायलोडिस्प्लास्टिक सिंड्रोम या आजारातही दिसतात. त्या आजारात अस्थिमज्जाच बिघडलेली असते आणि काहींत पुढे रक्ताचा कर्करोग होतो. तांब्याच्या कमतरतेच्या काही रुग्णांना हे निदान सांगितलं गेलं आहे, अस्थिमज्जा प्रत्यारोपणापर्यंत बोलणी गेली आहेत. मला या सगळ्या प्रकरणातली सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट हीच वाटते, कारण निकाल लावणारी चाचणी साध्या रक्ताची आहे.

आपल्या रुग्णात ती केली. रक्तातलं तांबं दर डेसिलिटरला १२ मायक्रोग्रॅम. साधारण ७० ते १४० असायला हवं. तांबं वाहून नेणारं सेरुलोप्लाझमिन हे प्रथिनही तळाला. आणि झिंक वाजवीपेक्षा बरंच जास्त.

तांब्याचा रक्ताशी काय संबंध, हे १९२८ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये हार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं होतं. नुसत्या दुधावर वाढवलेल्या उंदरांचं रक्त कमी झालं, शुद्ध लोह देऊनही ते भरून येईना. चिमूटभर तांबं घातल्यावर आलं. आज त्याचं कारण सांगता येतं. पेशींत साठलेलं लोह रक्तात उतरून अस्थिमज्जेकडे निघतं, तेव्हा त्याचं रासायनिक रूप बदलावं लागतं, आणि ते बदलणारी एन्झाइमं तांब्यावर चालतात; सेरुलोप्लाझमिन त्यांतलंच एक. पेशीच्या आतल्या मायटोकॉन्ड्रियातही तांब्यावाचून चालत नाही. ते नसलं की लोह तिथे येऊन अडकतं, हिमोग्लोबिनमध्ये बसत नाही, आणि सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारं कडं तयार होतं. म्हणूनच अशा रुग्णात लोहाचा साठा भरपूर असूनही रक्त कमी असतं. न्यूट्रोफिल नेमके का घटतात यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही.

आता शस्त्रक्रियेकडे. अन्नातलं तांबं मुख्यतः जठरात आणि लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात शोषलं जातं. गॅस्ट्रिक बायपासमध्ये अन्न नेमक्या याच भागाला वळसा घालून पुढे जातं. पूर्वी अल्सरसाठी जठराचा भाग काढून टाकत, त्यांचीही गत तीच. प्रौढ माणसाला दिवसाला एक मिलिग्रॅमहून थोडं कमी तांबं पुरतं आणि शरीरात जेमतेम १०० मिलिग्रॅमच्या आसपास साठा असतो. तो हळूहळू आटतो. त्यामुळे त्रास शस्त्रक्रियेनंतर काही वर्षांनी, कधी दशकांनी उगवतो आणि तोवर रुग्ण जुन्या ऑपरेशनचा उल्लेखही करत नाही.

झिंकचं काम वेगळ्या वाटेने होतं. झिंक जास्त झालं की आतड्याच्या आतल्या अस्तराच्या पेशी मेटॅलोथायोनिन नावाचं प्रथिन भराभर बनवतात. ते बनतं झिंकमुळे, पण झिंकपेक्षा तांब्याला अधिक घट्ट धरून ठेवतं. अन्नातून आलेलं तांबं त्या पेशीतच अडकतं, रक्तापर्यंत पोचत नाही. आणि आतड्याचं अस्तर सतत बदलत असतं. काही दिवसांत ती पेशी झडून विष्ठेबरोबर बाहेर जाते, तिने धरलेलं तांबंही तिच्याबरोबर. आपल्या रुग्णात ऑपरेशनमुळे तांब्याची आवक आधीच कमी, आणि जी काही उरली होती ती झिंकने अशी अडवली.

हे पहिल्यांदा माणसात नीट नोंदवलं गेलं ते १९७८ मध्ये, आणि त्यात एक गंमत आहे. झिंकची कमतरता माणसाला होते हे ज्यांनी प्रस्थापित केलं, ते भारतात जन्मलेले डॉ. आनंद प्रसाद अमेरिकेत सिकल सेलच्या रुग्णांना झिंक देऊन पाहत होते. दिवसाला १५० मिलिग्रॅम घेणाऱ्या रुग्णाचं तांबं घसरलं, रक्त आणि न्यूट्रोफिल कमी झाले. त्यांच्यासोबत काम करणाऱ्या जॉर्ज ब्रूअर यांनी हाच दुष्परिणाम पुढे औषध म्हणून वापरला. विल्सनच्या आजारात तांबं यकृतात आणि मेंदूत साठत जातं, तिथे ते अडवायलाच हवं असतं. आज त्या आजारासाठी ५० मिलिग्रॅम झिंक दिवसातून तीनदा देतात. केस गळतात म्हणून ५० मिलिग्रॅमची गोळी दोनदा घेणारी बाई या औषधी मात्रेच्या दोन तृतीयांश मात्रा घेत असते, आणि तिच्यात तांब्याचा जादा साठा नसतो.

झिंक गोळीतूनच येतं असंही नाही. २००८ मध्ये टेक्सासमधल्या डॉक्टरांनी चार रुग्ण नोंदवले, ज्यांच्यात ते कवळी चिकटवायच्या क्रीममधून गेलं होतं. कवळी सैल, म्हणून आठवड्याला किमान दोन ट्यूब संपवणारे हे लोक होते. कवळीचं क्रीम कोण कशाला डॉक्टरला सांगेल! कोविडच्या काळात आपल्याकडे घरोघरी झिंकच्या गोळ्या आल्या. दोन आठवडे घेतल्याने काही बिघडत नाही. ज्यांनी त्या ‘प्रतिकारशक्तीसाठी’ वर्षानुवर्षं चालू ठेवल्या, त्यांनी मात्र हे डॉक्टरांना आपणहून सांगायला हवं.

चाचणीतही दोन फसगती आहेत. अंगात जंतुसंसर्ग किंवा सूज असेल, बाई गरोदर असेल किंवा संततिनियमनाच्या गोळ्या घेत असेल, तर सेरुलोप्लाझमिन आणि त्याबरोबर रक्तातलं तांबं वाढतं, आणि खरी कमतरता झाकली जाऊ शकते. उलट, विल्सनच्या आजारातही हे दोन्ही आकडे खाली येतात. तिथे २४ तासांच्या लघवीतलं तांबं फरक सांगतं: विल्सनमध्ये ते वाढलेलं असतं, कमतरतेत घटलेलं. आणि एकाच रुग्णात बी-१२ आणि तांबं दोन्ही कमी असू शकतात. एक सापडलं म्हणून दुसरं बघायचं राहतं, हे जठराच्या शस्त्रक्रियेनंतर सहज घडतं.

उपचार सरळ आहेत. झिंक बंद, आणि तोंडाने तांबं: प्रचलित पद्धतीत पहिला आठवडा दिवसाला ८ मिलिग्रॅम, दुसऱ्यात ६, तिसऱ्यात ४ आणि पुढे २. शोषण फारच बिघडलं असेल तर काही दिवस शिरेतून. ही मात्रा डॉक्टरांनीच ठरवायची. तांबं जास्त झालं तर यकृताला अपाय होतो. आपल्या रुग्णाचे न्यूट्रोफिल महिनाभरात १५०० च्या वर गेले, दोन-अडीच महिन्यांत हिमोग्लोबिन ११.५ झालं, पुन्हा केलेल्या तपासणीत अस्थिमज्जेतली कडी दिसली नाहीत. मज्जारज्जू इतका उदार नसतो. तिचं बिघडणं थांबलं, बेसिनवर आपटणं कमी झालं, पण तळव्यांची बधिरता बरीचशी तशीच राहिली. बहुतेक नोंदींत हेच दिसतं: रक्त पूर्ण सुधारतं, नसा अर्धवट. निदानाला लागलेला प्रत्येक महिना म्हणून महाग पडतो.

तांब्याच्या भांड्यातलं पाणी प्यायलं तर? बेंगळुरूच्या संशोधकांनी १६ तास तांब्याच्या भांड्यात ठेवलेलं पाणी तपासलं, तेव्हा लिटरमागे सुमारे ०.१८ मिलिग्रॅम तांबं उतरलेलं आढळलं. निरोगी माणसाच्या गरजेचा तो पाचवा हिस्सा. ज्याचं आतडं तांबं शोषत नाही किंवा झिंकने अडवलं आहे, त्याची तूट त्याने भरून निघणार नाही. तीळ, काजू, डाळी यांत तांबं चांगलं असतं, पण अडचण तीच.

गोळीच्या वेष्टनावर मात्र नीट बघावं. क्षाराचं वजन आणि त्यातल्या झिंकचं वजन या वेगळ्या गोष्टी आहेत: २२० मिलिग्रॅम झिंक सल्फेटमध्ये झिंक ५० मिलिग्रॅम असतं, आणि ५० मिलिग्रॅम झिंक ग्लुकोनेटमध्ये जेमतेम सात. अमेरिकेत प्रौढांसाठी दिवसाची वरची मर्यादा ४० मिलिग्रॅम झिंक धरली आहे, आणि ती ठरवताना तांब्यावर होणारा परिणामच विचारात घेतला गेला. बायपासनंतर दर ८ ते १५ मिलिग्रॅम झिंकमागे १ मिलिग्रॅम तांबं द्यावं, असं तिथल्या स्थूलत्व-शल्यचिकित्सकांच्या संघटनेचं म्हणणं आहे. म्हातारपणी दृष्टिपटल झिजतं त्यासाठी नेत्रतज्ज्ञ देतात त्या गोळ्यांच्या मूळ सूत्रात ८० मिलिग्रॅम झिंक होतं, आणि त्याच सूत्रात २ मिलिग्रॅम तांबं पहिल्यापासून घातलेलं होतं.