पिवळा पडलेला बोर्ड पांढरा कसा होतो?

घराला नवा रंग दिला की सगळ्यात आधी खटकतो तो विजेचा बोर्ड. कालपर्यंत भिंतीत मिसळून गेलेली प्लेट पांढऱ्याशुभ्र भिंतीवर एकदम पिवळीजर्द दिसू लागते. टेबल फॅनच्या मोटरवरचे कव्हर पुसायला घेतले की तेही तसेच निघते. ती पिवळी झाक घासून जाईल की नाही, हे ती कशामुळे आली यावर ठरते.

स्वयंपाकघरातल्या बोर्डावर बहुतेक वेळा फोडणीचे तेल आणि धूळ यांचा चिकट थर असतो. नख मारले तर तो नखात येतो. कोमट पाण्यात भांड्यांचे लिक्विड आणि जुना टूथब्रश, एवढ्यावर तो निघतो. हे सगळे प्लेट काढून, बाहेर करायचे. आधी एमसीबी पाडायची, टेस्टरने खात्री करायची, मगच स्क्रूला हात लावायचा. तारा सुटणार असतील तर वायरमनला बोलवावे. बोर्डावर थेट काही फवारायचे नाही.

धुऊनही पिवळेपणा राहिला तर तो प्लास्टिकच्या अंगातच मुरलेला आहे. फॅनची कव्हरे पुष्कळदा एबीएस नावाच्या प्लास्टिकची असतात. त्यात ब्युटाडाइन हा रबरासारखा घटक असतो. ऊन, उष्णता आणि हवेतला प्राणवायू यांमुळे तो हळूहळू बदलतो आणि त्यातून रंग धरणारी रसायने तयार होतात. आग लवकर धरू नये म्हणून काही प्लास्टिकमध्ये ब्रोमीनयुक्त द्रव्ये घातलेली असतात, तीही याला हातभार लावतात. कव्हर उलटे करून आतली बाजू पाहा. तिथे मूळ रंग दिसतो आणि तो मुळातच हस्तिदंती असेल तर पुढचा खटाटोप वाचतो.

या पिवळ्यावर उतारा आहे हायड्रोजन पेरॉक्साइडचा. २००८ च्या सुमारास जुने संगणक जमवणाऱ्या हौशी लोकांनी ही रीत रूढ केली आणि तिला रेट्रोब्राइट असे नाव पडले. आपल्याकडे त्यासाठी फार शोधावे लागत नाही. केस रंगवताना पार्लरमध्ये वापरतात ते क्रीम डेव्हलपर म्हणजे पेरॉक्साइडच. बाटलीवर ‘४० व्हॉल्यूम’ लिहिलेले असेल तर त्यात ते सुमारे १२ टक्के असते, ‘२० व्हॉल्यूम’मध्ये सुमारे ६ टक्के. पहिल्या वेळी वीसचेच घ्यावे. काम सावकाश होते, पण बिघडण्याची भीती कमी.

टेबल फॅनच्या मागच्या कव्हराचे उदाहरण घेऊ. प्लग काढून कव्हर सुटे केले, धुतले, वाळवले. हातात रबरी मोजे आणि डोळ्यांवर चष्मा हवा, कारण क्रीम लागले की कातडी पांढरी पडून चुरचुरते. ब्रशने सगळीकडे सारखा जाड थर द्यायचा, मग क्लिंग फिल्म घट्ट गुंडाळून आतले हवेचे फुगे बोटाने बाहेर काढायचे. ते उन्हात ठेवायचे आणि अर्ध्या-पाऊण तासाने फिरवत राहायचे. क्रीम वाळू लागले की फिल्म उघडून ताजा थर द्यायचा. उन्हातल्या अतिनील किरणांनी पेरॉक्साइड फुटते आणि त्यातून निघालेले कण पिवळा रंग धरणारे बंध मोडतात. गंमत अशी की ज्या उन्हाने कव्हर पिवळे केले, तेच इथे मदतीला येते. काही तासांत फरक दिसतो. मग भरपूर पाण्याने धुऊन टाकायचे.

बिघडते ते इथेच. क्रीम जिथे वाळते किंवा फिल्मखाली फुगा राहतो तिथे रंग वेगळा उतरतो आणि कव्हरावर ढगांसारखे पांढरट ठिपके उमटतात. ते मग पुसून जात नाहीत. छापलेली अक्षरे फिकी पडू शकतात, म्हणून एका कोपऱ्यात करून पाहणे बरे. उरलेले क्रीम घट्ट बंद डब्यात भरून ठेवू नये. वायू साठून डबा फुगतो.

बोर्डाच्या प्लेटचे मात्र इतके सोपे नाही. आजच्या मॉड्यूलर प्लेट बऱ्याचदा पॉलिकार्बोनेटच्या असतात आणि त्यांच्यावर पेरॉक्साइडचा हवा तसा परिणाम होईल याची खात्री नसते. थिनर किंवा नेलपॉलिश रिमूव्हर लावण्याचा मोह तर कुठल्याच प्लास्टिकवर करू नये, पृष्ठभाग विरघळतो किंवा बारीक तडे जातात. स्विचेस पेरॉक्साइडमध्ये बुडवायचे नाहीत, फक्त सुटी प्लेट.

प्लगच्या भोकांभोवतीच तपकिरी डाग असेल, वास येत असेल किंवा प्लास्टिक वाकले असेल, तर ते जळालेले आहे. आत जोड सैल असतो, लोड वाढला की तो तापतो. तिथे पांढरे करण्याच्या भानगडीत न पडता सॉकेट बदलून घ्यायचे. आणि छताच्या पंख्याचे पाते पिवळे दिसत असेल तर ते बहुधा धातूचे असते. पिवळा झालाय त्यावरचा रंग, त्याला क्रीम लावून उपयोग नाही, पुन्हा रंगच द्यावा लागतो.

पांढरे झालेले कव्हर कालांतराने पुन्हा पिवळे पडू शकते, कारण आतले ब्युटाडाइन तसेच असते. खिडकीतल्या थेट उन्हापासून पंखा दूर ठेवला तर ते लांबते, एवढेच.