लिपस्टिक खरी की नकली? फोनच्या कॅमेऱ्याने असं तपासा

मागच्या महिन्यात माझ्या मावसबहिणीने एका ऑनलाइन विक्रेत्याकडून जवळपास अर्ध्या किमतीत लिपस्टिक मागवली. लावल्यावर ओठ चुरचुरायला लागले, तेव्हा तिचा मेसेज आला, "दादा, ही खरी आहे का रे?" नशीब, दुकानातून घेतलेली त्याच शेडची जुनी लिपस्टिक बॉक्ससकट तिच्याकडे होती. मी दोन्हींचे फोटो मागवले.

१. बॅच कोड

बॉक्सवरचं डिझाइन आधीच प्रेसमध्ये छापून येतं. बॅच कोड मात्र पॅकिंगच्या वेळी वेगळ्या मशीनने मारतात. म्हणून तो बहुतेकदा बारीक ठिपक्यांचा, दाबून उठवलेला किंवा लेसरने कोरलेला असतो. थोडा तिरका असला तरी घाबरू नका.

फोटो काढताना फ्लॅश बंद ठेवा आणि उजेड एका बाजूने येऊ द्या, म्हणजे उठाव दिसतो. फोन फार जवळ नेऊ नका, थोडं लांबून 2x झूम वापरा.

जुन्या बॉक्सवर कोड दाबून उठवलेला होता. नव्यावर तो बाकी मजकुराच्याच शाईत, एकदम सपाट होता. शिवाय बॉक्सवर एक कोड आणि लिपस्टिकच्या तळाशी दुसराच! इथेच माझा संशय बळावला.

कोड टाकून तारीख सांगणाऱ्या वेबसाइट्सवर विसंबू नका. नकली माल बनवणारे खऱ्या मालावरचा कोड कॉपी करतात, त्यामुळे तारीख बरोबरच येते.

२. सील

सील स्टिकरच्या कडेचा क्लोज-अप घ्या. स्टिकर एकदा काढून परत चिकटवला असेल, तर कडेखाली धूळ, हवेचे बुडबुडे किंवा कागदाचे तंतू दिसतात. पण काही ब्रँड सील लावतच नाहीत, त्यामुळे सील नाही म्हणजे नकली, असं नसतं.

३. शेड

इथे कॅमेरा सगळ्यात जास्त फसवतो. पिवळ्या बल्बखाली गुलाबी रंगही विटकरी दिसतो. म्हणून पांढऱ्या कागदावर दोन्ही लिपस्टिकची रेघ शेजारी-शेजारी ओढा. खिडकीच्या उजेडात, फिल्टर आणि ब्युटी मोड बंद करून, दोन्ही रेघा एकाच फोटोत घ्या. वेबसाइटवरच्या फोटोशी तुलना करून काही कळत नाही.

बहिणीच्या फोटोत कागद पांढराच दिसत होता, पण नवी रेघ स्पष्ट केशरी होती.

यातली एकच खूण दिसली तर लगेच निकाल देऊ नका. कंपन्या पॅकिंग बदलतात. इथे मात्र कोडची छपाई, न जुळणारे नंबर आणि रंग, तिन्ही गोष्टी एकाच दिशेने बोट दाखवत होत्या. आत नेमकं काय मिसळलंय, ते फोटो सांगत नाही. त्यासाठी लॅबच लागते.

तिने लिपस्टिक लावणं लगेच बंद केलं. बॉक्स आणि बिल जपून ठेवलं, फोटो जोडून कंपनीच्या कस्टमर केअरला आणि विक्रेत्याला ईमेल केला. विक्रेता ऐकत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार करता येते.