भोंगा थांबल्यावर दिवसाचे काय होते?

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांमध्ये संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. तो हळूहळू विरत गेला आणि त्याच्याबरोबर लाखावर माणसांची नोकरीही गेली. कोकणासारखीच सातारा-सांगलीच्या गावांतूनही माणसे पिढ्यानपिढ्या गिरणीत जात होती. त्यामुळे माण-खटावपासून शिराळ्यापर्यंत कितीतरी घरांत त्या वर्षांत कर्ता पुरुष ट्रंक घेऊन परत आला.

या परतीचा हिशेब आपण बहुधा पैशांत मांडतो. मनिऑर्डर थांबली, कर्ज झाले, पोरांचे शिक्षण अडले. हे सगळे खरेच आहे. पण गिरणीने त्या माणसाला पगाराखेरीज एक बांधलेला दिवसही दिला होता. भोंगा झाला की निघायचे, पाळी सुटली की खाणावळीत जेवायचे, गाळ्यात आपली झोपायची वेळ आली की पाठ टेकायची. पगाराच्या दिवशी कोणाला किती द्यायचे हेही ठरलेले असे. हा सगळा सांगाडा बाहेरून उभा केलेला होता. नोकरी गेल्यावर मन का खचते, याचा शास्त्रीय शोध या सांगाड्यापासूनच सुरू झाला.

तो शोध ऑस्ट्रियात लागला. व्हिएन्नाजवळच्या मारिएनथाल या वस्तीत सगळे गाव एकाच कापड गिरणीवर जगत होते. १९२९-३०च्या मंदीत ती बंद पडली आणि चारपैकी तीन घरांत कमावते कोणी उरले नाही. मारी याहोदा ही पंचविशीही न गाठलेली संशोधक, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइझेल यांनी आपल्या सहकाऱ्यांसह १९३१-३२च्या हिवाळ्यात तिथे तळ ठोकला. त्यांनी लोकांना ‘कसे वाटते’ एवढेच विचारले नाही. खिडकीत बसून रस्त्यावरची माणसे किती वेगाने चालतात आणि किती वेळा थांबतात, हेही मोजले. वाचनालयाची वही तपासली. माणसांना दिवसाचा तासातासाचा तक्ता भरायला दिला.

अपेक्षा अशी होती की हातात वेळ आला म्हणजे वाचन वाढेल, मंडळे गजबजतील. घडले उलटेच. वाचनालयाने वर्गणी माफ करूनही पुस्तके नेण्याचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले. पुरुष रेंगाळत चालत आणि पुन्हा पुन्हा थांबत. बहुतेकांनी घड्याळ वापरणे सोडले होते. तक्त्यात उठणे, जेवणे आणि झोपणे एवढ्याच तीन खुणा ठळक होत्या. मधले तास कशात गेले ते त्यांना सांगता येत नव्हते. बायकांचा दिवस मात्र भरलेला होता. त्यांचाही पगार गेला होता, पण चूल, मुले आणि धुणी तशीच होती. त्यांचे कष्ट वाढले, तरी त्यांचे तास हरवले नाहीत.

याच कामावरून याहोदाने पुढे असे मांडले की नोकरी पगाराबरोबर पाच गोष्टी नकळत देते: दिवसाची बांधणी, घराबाहेरच्या माणसांशी नित्याचा संबंध, अनेकांनी मिळून करायच्या कामातला वाटा, समाजात एक ओळख आणि हातपाय हलवत ठेवण्याची सक्ती. नोकरी गेली की या पाचही एकाच दिवशी जातात. घरातल्यांना मात्र त्यांतला फक्त पगार दिसतो.

म्हणूनच ‘गावाकडे शेती आहे ना, मग काळजी कसली?’ हा आपल्या भागातला हमखास सल्ला मला अपुरा वाटतो. शेतीत काम असते, पण ते सलग नसते. दुष्काळी पट्ट्यात पेरणी आणि काढणी सोडली तर मोठा काळ रिकामा जातो. त्यातून गिरणी कामगाराचे शेत इतकी वर्षे त्याच्या बायकोने आणि भावाने सांभाळलेले असे. पाण्याची पाळी कधी येते, कोणत्या गड्याला सांगायचे, सोसायटीत कोणाशी बोलायचे, हे सगळे बायकोला ठाऊक. मुंबईहून सुट्टीला यायचा तेव्हा त्याचा मान होता. कायमचा आल्यावर मात्र घराच्या चालत्या गाड्यात त्याला जागाच नव्हती. आज कुपवाड किंवा सातारा एमआयडीसीतून कमी केलेल्या माणसाचेही घरात असेच होते. तो बसून राहतो ते आळसाने नव्हे. त्याच्यावाचून अडेल असे एकही काम घरात उरलेले नसते.

दुखणे फक्त पैशाचे आहे का, हे अलीकडे प्रयोगानेही तपासले गेले. बांगलादेशातल्या रोहिंग्या निर्वासितांच्या छावणीत रेश्मान हुसाम आणि सहकाऱ्यांनी काही जणांना दोन महिने मोबदल्याचे काम दिले आणि काही जणांना कामाशिवाय तेवढीच रक्कम दिली. काम साधे, आसपासच्या नोंदी ठेवण्याचे होते. काम मिळालेल्यांची मनःस्थिती नुसते पैसे मिळालेल्यांपेक्षा स्पष्टपणे सुधारली. पुढे तर काम मिळालेल्यांपैकी बहुतेकांनी आणखी एक आठवडा बिनमोबदला काम करायचीही तयारी दाखवली.

मग सांगाडा पुन्हा कसा उभा करायचा? याचे सर्वांत भरवशाचे उत्तर आपल्या शेजारीच, गोव्यात मिळाले. तिथल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत विक्रम पटेल आणि ‘संगत’ या संस्थेने तीव्र नैराश्याच्या ४९५ रुग्णांवर एक चाचणी केली. तिचे निष्कर्ष २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये आले. उपचार करणारे मानसोपचारतज्ज्ञ नव्हते, तर प्रशिक्षण दिलेली साधी माणसे होती. सहा ते आठ बैठकांत त्यांनी मुख्यतः एकच गोष्ट केली: दिवसातली कृती बदलायला शिकवले. तीन महिन्यांनी या गटातले ६४ टक्के लोक नैराश्याच्या धोक्याच्या पातळीखाली आले होते. नेहमीची, थोडी सुधारलेली आरोग्यसेवा मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते.

या पद्धतीमागचा विचार असा की मन खचले की माणूस अंग काढून घेतो. त्यामुळे बरे वाटण्याचे प्रसंग कमी होतात आणि मन आणखी खचते. हे चक्र मनापासून नव्हे, कृतीपासून तोडायचे. ‘बरे वाटले की बाहेर पडेन’ असे म्हणत थांबलेला माणूस थांबूनच राहतो. बाहेर पडणे आधी यावे लागते, बरे वाटणे मागाहून येते.

हे प्रत्यक्षात कसे दिसेल ते पाहू. समजा, कुपवाडच्या एका फाउंड्रीत अठरा वर्षे काम केलेला पंचेचाळिशीचा माणूस आहे. काम गेल्याला दोन महिने झालेत. पहिल्या आठवड्यात त्याने काहीही बदलायचे नाही. फक्त साध्या वहीत दर दोन तासांनी काय केले ते एका ओळीत लिहायचे आणि मन कसे होते त्याला शून्य ते दहा गुण द्यायचे. आठवड्याने वही बोलू लागते. सकाळी नऊपर्यंत अंथरुणात, गुण दोन. अकरा ते दोन मोबाइल, गुण दोन. मंगळवारी मेव्हण्याच्या विहिरीची मोटर उघडून दिली, गुण सहा. ‘सगळे दिवस सारखेच गेले’ ही त्याची खात्री तिथेच डळमळते, कारण तो मंगळवार वहीत असतो.

दुसऱ्या आठवड्यात फक्त दोन खुंट्या ठोकायच्या. पहिली, उठण्याची वेळ. झोप कशीही झाली तरी तीच. दुसरी, घराबाहेरची एक ठरलेली वेळ, आणि तिथे आपली वाट पाहणारे कोणीतरी हवे. एकट्याने फिरायला जायचे असेल तर ते सहज टळते. म्हाताऱ्या शेजाऱ्याला सकाळी आठला मिरजेच्या दवाखान्यात न्यायचे असेल, तर ते टळत नाही. तिसऱ्या आठवड्यापासून घरातले एक काम पूर्ण आपल्या अंगावर घ्यायचे. अधूनमधून मदत करण्याचा इथे उपयोग नाही. वीजबिल, दळण किंवा मुलीचे गणित, यांपैकी एक असे घ्यायचे की ते आपण केले नाही तर होणारच नाही. बायकोने शिस्तीने चालवलेल्या घराचा ताबा मात्र घ्यायचा नाही. तिथे भांडणे होतात आणि चूकही याचीच असते. आपली गरज आहे ही जाणीव अशा कामातून परत येते, कोणी धीर दिल्याने येत नाही.

नोकरीचा शोधही वेळेत बांधावा लागतो. सकाळचे दोन तास ठेवले तर उरलेला दिवस अपराधीपणात जात नाही. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाने बेकारांसाठी आखलेल्या गटवर्गांत एक गोष्ट मुद्दाम शिकवली जाते: नकार येणारच, तो आला की पुढचे पाऊल कोणते, हे आधीच ठरवून ठेवायचे. या वर्गांचा सर्वाधिक फायदा ज्यांना नैराश्याचा धोका जास्त होता त्यांनाच झाला. म्हणजे आपल्या माणसाने मुलाखतीला जाण्यापूर्वीच वहीत लिहून ठेवायचे: ‘नाही म्हणाले तर परत येताना अमक्याच्या वर्कशॉपवर जाऊन चौकशी करायची.’ घरी येऊन पांघरूण ओढून पडायचे नाही, एवढी सोय त्यातून होते.

फसगत बहुतेक दोन ठिकाणी होते. उत्साहाच्या भरात पहिल्याच दिवशी पहाटे पाचपासून रात्रीपर्यंतचे वेळापत्रक आखले जाते, ते तिसऱ्या दिवशी मोडते आणि ‘मला हेही जमत नाही’ असा नवा पुरावा हाती येतो. दुसरी फसगत लपवण्याची. सकाळी डबा घेऊन निघायचे आणि अख्खा दिवस बसस्टँडवर किंवा घाटावर काढायचा. अशा दिवसाला बांधणी दिसते, पण त्यात माणसे नसतात. उलट ओळखीचे कोणी भेटेल या धास्तीने उरलेले संबंधही तुटतात.

वही हा उपचार कुठवर पुरेल तेही तीच सांगते. तीन-चार आठवडे कृती बदलूनही गुण दोन-तीनच्या वर सरकत नसतील, झोप आणि भूक दोन्ही गेली असतील किंवा दारू वाढली असेल, तर डॉक्टरांची गरज आहे. मरणाचे विचार येत असतील, तर वही आणि आठवडे मोजत बसायचे नाही. शासनाच्या टेलि-मानस या सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनाशुल्क आहे, दिवसरात्र लागतो आणि तिथे मराठीत बोलता येते. कर्जाचे हप्ते थकल्याचा ताण वेळापत्रकाने जात नाही, हेही स्वच्छ मान्य करायला हवे. त्यासाठी बँकेशी स्वतंत्र बोलणी लागतात, आणि ती जितकी लवकर तितकी बरी.

पूर्वीच्याच पगाराची आणि हुद्द्याची नोकरी मिळेपर्यंत काहीच घ्यायचे नाही, असा हट्ट अनेक जण धरतात. ब्रिटनमधल्या सत्तर हजारांहून अधिक लोकांची माहिती तपासून २०१९ साली निघालेला निष्कर्ष इथे मोलाचा आहे. मानसिक आरोग्याला होणारा पगारी कामाचा फायदा आठवड्याला साधारण आठ तासांतच मिळून जातो. त्यापुढचे तास मनासाठी फारशी भर घालत नाहीत. अर्थात घर आठ तासांवर चालत नाही. पण एखाद्या वर्कशॉपमध्ये आठवड्यातून एक दिवस मिळणारे काम कमीपणाचे म्हणून सोडून देताना हा आकडा लक्षात ठेवावा.

नोकरी पुन्हा लागली की सगळे पूर्ववत होते, असेही नाही. जर्मनीतल्या हजारो लोकांचा पंधरा वर्षे माग ठेवून रिचर्ड लुकास आणि सहकाऱ्यांनी २००४ साली दाखवले की काम मिळाल्यावर समाधान वाढते, पण सरासरी ते पहिल्या पातळीला पुरते पोचत नाही. नव्या कामावर रुजू झालेला माणूस पहिले काही महिने चिडचिडा किंवा धास्तावलेला राहिला, साहेबाचा फोन आला की दचकला, तर त्याचे कारण हे असू शकते. घरच्यांनी ‘आता तर लागली ना नोकरी’ असे म्हणण्याआधी त्याची वही आणखी काही आठवडे चालू राहू द्यावी, आणि शेजाऱ्याला दवाखान्यात नेण्याचे कामही त्याच्याकडेच ठेवावे.