गळतीवर चालणारा ट्रान्सफॉर्मर

लोखंडी गेट, ग्रिल किंवा ट्रॉलीची चेसिस बनवणाऱ्या कुठल्याही जुन्या शेडमध्ये चाकांवर उभा असलेला एक जडशीळ डबा दिसतो. वर फिरवायचं हँडल, पुढे अँपिअरची पट्टी, आणि खाली दोन जाड केबल. हँडल फिरवलं की पट्टीवरचा काटा सरकतो आणि करंट बदलतो. डब्यात ना सर्किट बोर्ड, ना रिले. हँडलच्या स्क्रूने एक क्वॉइल दुसरीच्या जवळ येते किंवा लांब जाते, एवढंच. लांब गेली की करंट कमी होतो.

हे का होतं, ते समजायला आधी नेहमीचा ट्रान्सफॉर्मर बघू. प्रायमरीने उभं केलेलं चुंबकीय फ्लक्स बहुतांश कोअरमधून जाऊन सेकंडरीलाही ओवतं, पण थोडं दोन्हींच्या मधल्या फटीत, हवेतून, परत फिरतं. ते एकाच वाइंडिंगला जोडलेलं राहतं आणि त्या वाइंडिंगच्या दृष्टीने ते जणू सिरीजमध्ये लावलेल्या चोकसारखं वागतं. यालाच लीकेज रिॲक्टन्स म्हणतात. तो किती, हे ठरतं मुख्यतः तीन गोष्टींवर: वेढ्यांच्या संख्येच्या वर्गावर, क्वॉइलच्या उंचीवर, आणि सगळ्यात जास्त, दोन वाइंडिंगमध्ये किती जागा सुटली त्यावर. कोअरच्या लोखंडाचा दर्जा यात जवळजवळ येतच नाही, कारण गळतीचा रस्ता हवेतला असतो.

गावाबाहेरच्या डीपीवरच्या ट्रान्सफॉर्मरचं इम्पिडन्स साधारण साडेचार टक्के असतं. तिथे व्होल्टेज घसरू नये हीच काळजी. वेल्डिंगची गरज नेमकी उलटी आहे, आणि ती आर्कच्या स्वभावातून येते. आर्क हा साधा रोध नाही. करंट वाढला तरी त्याचं व्होल्टेज विशेष वाढत नाही. ते मुख्यतः आर्कच्या लांबीवर ठरतं, आणि लांबी ठरते कारागिराच्या हातावर. हात जरा उचलला की व्होल्टेज वाढतं, खाली आला की घटतं, रॉड टेकला की शॉर्ट. अशा भाराला ताठ व्होल्टेज दिलं तर करंट कुठल्या कुठे उसळेल. हवा आहे तो असा स्रोत की व्होल्टेज वरखाली झालं तरी करंट जागचा फारसा हलू नये.

सव्वातीन मिलिमीटरचा रॉड, 125 अँपिअर करंट आणि 80 व्होल्ट ओपन सर्किट व्होल्टेज घेऊ. हातवेल्डिंगच्या मानकातल्या सूत्रानुसार भाराचं व्होल्टेज 20 अधिक करंटच्या 0.04 पट, म्हणजे 25 व्होल्ट. आर्कचं व्होल्टेज आणि रिॲक्टन्सवरचं व्होल्टेज एकमेकांना काटकोनात असतात, म्हणून सरळ वजाबाकी चालत नाही. 80 च्या वर्गातून 25 चा वर्ग वजा करून वर्गमूळ काढलं की 76 व्होल्ट येतात. ते 125 अँपिअरला लागणार, म्हणून रिॲक्टन्स 0.61 ओहम. आता रॉड टेकवा. शॉर्ट सर्किटला करंट 80 भागिले 0.61, म्हणजे 131 अँपिअर. वेल्डिंग चालू असताना 125 आणि चिकटल्यावर 131! हात उचलून आर्क 30 व्होल्टवर नेला तर करंट 122. कारागिराचा हात कितीही हलला तरी वितळायचा वेग जवळजवळ तोच राहतो.

रिॲक्टन्सऐवजी साधा रोध लावला असता तर? 55 व्होल्ट रोधात जिरले असते, म्हणजे जवळपास 6.9 किलोवॉट उष्णता, आणि आर्कला मिळाले असते 3.1. गळतीत हा जाळ नाही. शिवाय आणखी एक फायदा, जो मला सगळ्यात देखणा वाटतो. एसीचा आर्क दर सेकंदाला 100 वेळा विझतो. रिॲक्टन्समुळे करंट व्होल्टेजच्या सुमारे 72 अंश मागे राहतो, म्हणून करंट शून्यावर येतो तेव्हा ओपन सर्किट व्होल्टेज जवळजवळ शिखरावर, 107 व्होल्टच्या आसपास असतं. आर्क लगेच पुन्हा पेटतो. रोधाच्या बाबतीत दोन्ही एकदमच शून्यावर येतील आणि रॉड फुरफुरत विझेल.

मग 0.61 ओहम आणायचे कसे? समजा कोअर अशी आहे की प्रत्येक वेढ्याला 1 व्होल्ट येतं: प्रायमरीला 415 वेढे, सेकंडरीला 80. वाइंडिंगची उंची 20 सेंटिमीटर, सरासरी वेढ्याची लांबी 40. सेकंडरी थेट प्रायमरीवर गुंडाळली, मध्ये 5 मिलिमीटर फट आणि प्रत्येकीची जाडी 15 मिलिमीटर ठेवली, तर हिशेब 0.076 ओहमच्या आसपास येतो. शॉर्ट केल्यावर हजारापेक्षा जास्त अँपिअर! प्रायमरीचे दोन अर्धे भाग करून सेकंडरी मध्ये सँडविच केली, तर रिॲक्टन्स आणखी उतरून तिसऱ्या हिश्श्यावर येतो, कारण फटीतला चुंबकीय जोर निम्मा होतो. म्हणून वेल्डिंगमध्ये उलट जातात: प्रायमरी एका खांबावर आणि सेकंडरी दुसऱ्यावर, किंवा एकाच खांबावर एक वर, एक खाली. क्वॉइल सरकवणारी मशीन दुसऱ्या जातीची. तिसरी एक जात आहे, जिथे क्वॉइल स्थिर आणि मधल्या फटीत लॅमिनेशनचा शंट आत-बाहेर सरकतो. शंट आत गेला की गळतीला लोखंडी वाट मिळते, करंट घटतो. ही मशीन आटोपशीर असते, पण शंट सैल झाला की जोरात खडखडतो, आणि जास्त फ्लक्सला लोखंड सॅच्युरेट झालं की पट्टीवरचा आकडा खोटा ठरतो.

रिवाइंडिंगला गेलेली मशीन या बाबतीत फसवी असते. वाइंडिंग करणाऱ्याने सोयीसाठी सेकंडरी प्रायमरीवरच चढवली, वेढे अगदी बरोबर मोजले, तर मीटरवर 80 व्होल्टच दिसणार. बिघाड रॉड टेकल्यावर कळतो: तो लालबुंद होऊन चिकटतो, ब्रेकर उडतो. तपासायची साधी युक्ती आहे. वेल्डिंगच्या दोन्ही केबल एकमेकींना जोडा, प्रायमरीला व्हॅरिॲकमधून फक्त 83 व्होल्ट, म्हणजे पाचवा हिस्सा, द्या आणि केबलवर क्लॅम्प मीटर लावा. हँडल 125 वर असताना चांगल्या मशीनला सुमारे 26 अँपिअर दिसायला हवेत. वरच्या उदाहरणातली चुकलेली मशीन 200 च्या पुढे दाखवेल.

गळतीची किंमत मात्र वीजबिलात मोजावी लागते. आर्कला 25 व्होल्ट आणि स्रोताला 80, म्हणजे पॉवर फॅक्टर फक्त 0.31. 10 केव्हीए ओढून 3.1 किलोवॉटच आर्कपाशी पोहोचतात. कपॅसिटर लावून हे सावरता येतं, पण वेल्डिंग थांबलं तरी कपॅसिटर लाइनवरच राहतो आणि मग पॉवर फॅक्टर लीडिंग होतो. त्यातच ही मशीन बहुतेकदा दोन फेजवर चालते, त्यामुळे शेडमधल्या तीन फेजचा तोल ढळतो. इन्व्हर्टर मशीनने बाजार घेतला तो वजनामुळे तर खराच, पण या बिलामुळेही. करंट बांधून ठेवायचं काम तिथे सर्किट करतं, आणि ट्रान्सफॉर्मरची क्वॉइल पुन्हा एकमेकींना चिकटून बसते.