अग्रलेखातला शब्द कसा पकडायचा?

किकवीच्या एसटी थांब्यावर पेपर चाळताना मी अग्रलेखावर पेन्सिल चालवतो. सवयच लागली आहे. नमुना मात्र जुना घेतो. ६ जुलै १८९७ च्या ‘केसरी’तला टिळकांचा अग्रलेख : ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ रँडवर गोळी झाडली गेल्यानंतर पुण्यावर लादलेल्या कडक उपायांवरचा.

आता मथळा सपक करून पाहा : ‘सरकारचे निर्णय योग्य आहेत काय?’ या प्रश्नाला ‘हो’ म्हणता येतं. मूळ प्रश्नाला येत नाही, कारण ‘डोके ठिकाणावर’ म्हणताच वेडाचा संशय आधीच पेरलेला असतो. उत्तर प्रश्नातच दडलंय!

दुसरी खूण क्रियापदात सापडते. ‘लाठीमार करण्यात आला’ म्हटलं की मारणारा गायब होतो. ‘जमाव बिथरला’ यात मात्र कर्ता ठळक असतो. एकाच लेखात एका बाजूला असं झाकलं जात असेल, तर कल कळतो.

अर्थात, अग्रलेखाने बाजू घेणं हा दोष नव्हे, ते त्याचं कामच. भारित शब्द काढल्यावर पुरावा उरतो का, एवढंच तपासायचं. उद्याचा अग्रलेख घ्या आणि असे तीन शब्द बदलून वाचा.