फोनवर ‘साठ’चे ‘आठ’ का ऐकू येते?

समजा, रिसोडहून एक शेतकरी वाशिमच्या अडत्याला फोनवर सांगतो, ‘सोयाबीनची साठ पोती आणतो.’ पलीकडे ऐकू येते ‘आठ पोती’. या दोन शब्दांत फरक आहे तो फक्त ‘स’चा. मग हा ‘स’ वाटेत गेला कुठे?

‘आ’ म्हणताना गळा थरथरतो. त्या आवाजाचा जोर कमी कंपनांत असतो. ‘स’ मात्र दातांजवळून निसटणाऱ्या हवेचा आवाज आहे. त्याचा बराचसा जोर सेकंदाला ४००० कंपनांच्या, म्हणजे ४००० हर्ट्झच्या वर असतो. जुन्या पद्धतीचा फोन साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाज पुढे पाठवतो. त्यामुळे ‘आ’ नीट पोहोचतो, ‘स’ अशक्त होतो आणि बाजारातल्या गोंगाटात बुडून जातो.

कोडेक काय करतो?

फोन आपला आवाज जसाच्या तसा पाठवत नाही. कोडेक नावाचा प्रोग्राम आवाजाचे सेकंदाच्या पन्नासाव्या भागाएवढे तुकडे करतो. प्रत्येक तुकड्यात तोंडाचा आकार कसा होता, गळा थरथरत होता की नुसती हवा होती, याचे आकडे तो पाठवतो. पलीकडचा फोन त्या आकड्यांवरून आवाज पुन्हा तयार करतो.

जुना एएमआर कोडेक सेकंदाला ८००० वेळा आवाज मोजतो. एचडी कॉलमधला एएमआर-वाइडबँड १६००० वेळा मोजतो आणि सुमारे ७००० हर्ट्झपर्यंतचा आवाज पाठवतो. गंमत म्हणजे डेटा जवळपास तेवढाच लागतो. जुन्याला जास्तीत जास्त १२.२ किलोबिट, तर नव्याला साधारण १२.६५ किलोबिट दर सेकंदाला पुरतात.

तरी आवाज दबका का?

एचडी कॉलला दोन्ही टोकांचे फोन आणि मधले नेटवर्क, तिन्ही तयार लागतात. तुमचा फोन ४जी आहे, पण समोरच्याकडे जुना २जी बटणाचा फोन आहे, तर कॉल बहुधा जुन्याच कोडेकवर चालतो. रेंज गेल्यामुळे तुमचाच फोन २जीवर उतरला तरी तसेच होते.

रेंज कमी असेल तर काही तुकडे वाटेतच हरवतात. फोन आधीच्या तुकड्यावरून ती जागा भरून काढतो, म्हणून आवाज यंत्रासारखा किंवा तुटक येतो. हा दोष वेगळा आहे. दबका आवाज सलग येतो, पण त्याची धार गेलेली असते.

करून पाहा

कॉल चालू असताना स्क्रीनवर HD किंवा VoLTE दिसते का बघा. मग समोरच्याला ‘साठ, आठ, सात’ हे शब्द उलटसुलट क्रमाने म्हणायला सांगा आणि ऐकलेले लिहून घ्या. HD दिसत असूनही ‘स’ पुसट येत असेल, तर समोरच्या फोनच्या माइकचे छिद्र धुळीने बुजले आहे का, कव्हरखाली झाकले आहे का, ते तपासायला सांगा. माइकपर्यंतच जो आवाज पोहोचला नाही, तो कोणताही कोडेक परत आणू शकत नाही.

आणि पोत्यांचा आकडा सांगताना ‘साठ, म्हणजे सहा-शून्य’ असे म्हणा.