रविवारचं मटण, शुक्रवारचं चिकन

बऱ्याच मराठी घरांत सोमवार, गुरुवार आणि शनिवार हे वार पाळले जातात. त्यामुळे एका दाराच्या छोट्या फ्रिजमध्ये मांस कसं ठेवायचं, हे या वारांवरच ठरवावं लागतं.

तिघांचं घर धरू. रविवारी सकाळी अर्धा किलो मटण आणि अर्धा किलो चिकन आणलं. बाजारातली बाकीची खरेदी आधी उरकून मांस शेवटी घ्यावं आणि थेट घरी यावं. मटण दुपारी शिजणार आहे. चिकन मात्र शुक्रवारी लागणार. कच्चं चिकन फ्रिजमध्ये एक-दोन दिवसच टिकतं, त्यामुळे ते लगेच फ्रीजरमध्ये गेलं पाहिजे. जाड पिशवीत तुकडे एका थरात पसरून, हवा काढून, वर तारीख लिहून ठेवावं. चपटं पाकीट लवकर गोठतं आणि लवकर सुटतंही. आत वेगळा दरवाजा असलेला छोटा फ्रीजर उणे १८ अंशांपर्यंत जाईलच असं नाही, म्हणून त्यात महिनोन्‌महिने साठा करू नये. डीफ्रॉस्टचं बटण दाबायचं असेल, तर आधी तो रिकामा करावा.

खरी चूक होते ती शिजलेल्या रश्शाबाबत. दुपारी उरलेलं पातेलं झाकून संध्याकाळपर्यंत ओट्यावर राहतं. शिजवूनही काही जिवाणूंचे बीजाणू जिवंत राहतात आणि कोमट रश्शात झपाट्याने वाढतात. काही जिवाणूंचं विष पुन्हा उकळूनही जात नाही. वासावरूनही हे कळत नाही. म्हणून जेवण होताच रस्सा दोन-तीन पसरट डब्यांत काढावा, डबे गार पाण्याच्या परातीत ठेवावेत आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये टाकावेत. उन्हाळ्यात घरात ३२ अंशांहून जास्त उकाडा असेल, तर तासाभरातच.

रविवारी शिजलेला रस्सा सोमवारी वार असल्याने तसाच राहील. तो मंगळवारी किंवा फार तर बुधवारी संपवावा. लागेल तेवढाच डबा काढून खळखळून उकळावा. सगळा रस्सा रोज गरम करून पुन्हा गार करू नये.

गुरुवारी सकाळी चिकनचं पाकीट फ्रीजरमधून काढून काठाच्या स्टीलच्या डब्यात, झाकण लावून, सगळ्यात खालच्या फळीवर ठेवावं. भाजीचा ड्रॉवर त्याच्याही खाली असतो, त्यामुळे डबा गळका नको. पाणी सुटलं तरी ते भाजीवर किंवा शिजलेल्या अन्नावर पडता कामा नये. ओट्यावर किंवा गरम पाण्यात चिकन सोडवू नका. बाहेरचा भाग उबदार होतो आणि आतला दगडासारखा राहतो. शुक्रवारी ते शिजवावं. धुताना नळाखाली शिंतोडे उडतात, त्यामुळे धुवायचंच असेल तर भांड्यात हलक्या हाताने धुवावं आणि नंतर सिंक, सुरी, हात साबणाने स्वच्छ करावेत.

शुक्रवारी उरलेलं शनिवारी कुणी खाणार नाही. ते रविवारी संपवा, सोमवारपर्यंत नेऊ नका.